एकदम किती मागवायचं आणि कधी मागवायचं: ६२०४ नंबरच्या बेअरिंगचा हिशोब

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात ६२०४ नंबरचं बेअरिंग वर्षभर हलत असतं. आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. हिंगण्याच्या एमआयडीसीतले वर्कशॉपवाले नेतात, मोटर रिवाइंडिंगवाले नेतात, भंडाऱ्याकडचे राईस मिलवाले एका वेळी वीस-वीस नग उचलतात. दुकानात नवीन मुलगा आला की स्टॉकचं गणित मी त्याला याच एका नंबरवर शिकवतो. त्याचा खप बऱ्यापैकी सारखा असतो, त्यामुळे गणित लवकर डोक्यात बसतं. इथेही तोच नंबर घेतो. तो एकदा जमला की बाकीच्या मालासाठी फक्त आकडे बदलायचे.

प्रश्न दोन आहेत. एका वेळी किती मागवायचं, हा पहिला. त्याचं उत्तर म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, बोलताना ईओक्यू. रॅकमध्ये किती उरले की ऑर्डर टाकायची, हा दुसरा. त्याचं उत्तर म्हणजे रिऑर्डर पॉइंट. नवीन माणूस पहिल्या प्रश्नावर दिवस घालवतो आणि दुसरा अंदाजाने उरकतो. करायला हवं नेमकं उलटं. का, ते आकड्यांतूनच दिसेल.

आधी वर्षाचा खप. आमचा ६२०४ वर्षाला २४०० नग जातो. बिलांवरून हा आकडा काढणं सोपं आहे, पण त्यात एक खोट असते. माल नव्हता म्हणून जे गिऱ्हाईक परत गेलं, त्याचं बिल झालेलंच नसतं. काउंटरवर एक साधी वही ठेवा आणि ‘नाही’ म्हणून परत पाठवलेला प्रत्येक नग तिच्यात टिपा. वर्षाचा खप म्हणजे बिलं अधिक ही वही.

आता एका ऑर्डरचा खर्च. मालाची किंमत यात धरायची नाही, कारण वर्षाला २४०० नग घ्यायचेच आहेत, मग एकदा घ्या की बारा वेळा. दर ऑर्डरमागे नव्याने होतो तेवढाच खर्च धरायचा. आमचा माल पुण्याहून येतो आणि ट्रान्सपोर्टच्या वाडीतल्या गोडाऊनला उतरतो. बिल्टीचं किमान भाडं ६००, वाडीहून इतवारीपर्यंत टेम्पो ५००, हमाली १००. माल मोजून, नंबर तपासून रॅकला लावण्यात एका पोराचा अर्धा दिवस जातो, त्याचे ४००. फोन, पेमेंट, बिलाची नोंद आणि जुळवणी मिळून २००. एकूण १८०० रुपये.

हे १८०० रुपये थेट ६२०४ च्या नावावर टाकू नका. ऑर्डरमध्ये आमचे सरासरी चार नंबर एकत्र येतात, टेम्पो एकच लागतो. म्हणून एका नंबरच्या वाट्याला ४५०. मी शिकत होतो तेव्हा प्रत्येक नंबरला पूर्ण खर्च लावला होता. उत्तर वर्गमुळातून येत असल्याने चौपट खर्चाने प्रत्येक ऑर्डर दुप्पट निघाली. शेठने यादी पाहिली आणि नुसतं विचारलं, “बावा, ठेवशील कुठे?”

तिसरी गोष्ट, माल पडून राहण्याचा खर्च. आमची खरेदी नगाला १५० रुपये, जीएसटी सोडून, कारण त्याचं क्रेडिट परत मिळतं. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज आम्हाला ११ टक्के पडतं. गोडाऊनच्या भाड्याचा वाटा ४ टक्के, विमा आणि पावसाळ्यात गंज धरून किंवा खोका फाटून होणारं नुकसान ३ टक्के, न विकता पडून राहण्याचा धोका २ टक्के. एकूण २० टक्के, म्हणजे एक नग वर्षभर रॅकवर बसला तर ३० रुपये. भाडं धरताना एकच प्रश्न विचारा: माल कमी ठेवला तर ती जागा खरंच दुसऱ्या कामी येईल का? येणार नसेल तर ते ४ टक्के काढून टाका.

फोर्ड हॅरिस या अमेरिकी माणसाने १९१३ साली मांडलेलं सूत्र असं: वर्षाचा खप गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, त्याला भागिले एका नगाचा वर्षाचा ठेवण्याचा खर्च, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. आपले आकडे घातले तर २ × २४०० × ४५० ÷ ३० म्हणजे ७२,०००. त्याचं वर्गमूळ २६८. वर्षातून साधारण नऊ ऑर्डरी. त्यात ऑर्डरींचा खर्च सुमारे ४०२५ रुपये होतो. सरासरी १३४ नग रॅकवर बसतात, त्यांचा खर्चही तेवढाच. मिळून ८०५० रुपये. दोन्ही खर्च सारखे निघाले की समजायचं गणित बरोबर आहे. आकडेमोड तपासायची ही माझी आवडती युक्ती.

पण २६८ नग कोणी मागवत नाही. माल दहाच्या खोक्यात येतो, म्हणून २७०. आणि पुरवठादार म्हणाला, “तीनशेच घ्या ना भाऊ,” तर? तीनशेला वर्षाचा खर्च ८१०० येतो, फक्त पन्नास रुपये जास्त. दोनशेला ८४००, चारशेला ८७००. म्हणजे उत्तराच्या आसपास हा खर्च जवळजवळ सपाट असतो. खपाचा अंदाज २० टक्क्यांनी चुकला तरी ईओक्यू साधारण १० टक्केच हलतो. ठेवण्याचा दर १८ टक्के की २०, यावर दुपार घालवू नका. ठोकळ आकडा घ्या, खोक्यात बसेल असा करा आणि पुढे चला.

पुढे आहे रिऑर्डर पॉइंट, आणि तिथे अशी माफी नाही.

नवीन पोरं काय करतात, तर पुरवठादाराला फोन करून विचारतात, माल किती दिवसांत येतो. तो म्हणतो, चार दिवस. रोजचा खप ८, मग ३२ उरले की ऑर्डर टाकायची. यात चुका दोन आहेत. त्याचे चार दिवस ट्रक निघाल्यापासूनचे असतात. आपला लीड टाइम सुरू होतो ऑर्डर पाठवली त्या क्षणी आणि संपतो माल मोजून रॅकला लागला तेव्हा. मधे त्याच्याकडे स्टॉक नसणं, बिल निघायला उशीर, ट्रक भरेपर्यंत थांबणं, वाडीला माल येऊनही आपल्याला फोन न येणं, हे सगळं येतं. दुसरी चूक जास्त महागाची: एकच आकडा धरून चालणं. माल दर वेळी तेवढ्याच दिवसांत येतो, असं समजणं.

म्हणून मागच्या दहा ऑर्डरी काढा. ऑर्डर कधी गेली ते व्हॉट्सअॅपवर सापडतं, माल कधी लागला ते आवक रजिस्टरमध्ये. मधले दुकान उघडं असलेले दिवस मोजा. आमचे दिवस असे निघाले: ६, ७, ५, ८, ६, १२, ७, ६, ९, १४. बेरीज ८०, सरासरी ८ दिवस. वर्षाचे कामाचे दिवस आम्ही ३०० धरतो, म्हणून रोजचा खपही ८ नग. खप कामाच्या दिवसांवर काढला असेल तर लीड टाइमही कामाच्या दिवसांतच हवा. एकीकडे रविवार धरला आणि दुसरीकडे सोडला, तर रिऑर्डर पॉइंट उगाच फुगतो किंवा घटतो.

आठ दिवस गुणिले रोजचे आठ, झाले ६४. आता समजा आपण ६४ उरले की ऑर्डर टाकतो. यादीकडे परत बघा. दहापैकी तीन वेळा माल आठ दिवसांपेक्षा उशिरा आला. बाराव्या दिवशी आला तेव्हा चार दिवस रॅक रिकामा राहिला असता, चौदाव्या दिवशी आला तेव्हा सहा दिवस. ज्या गिऱ्हाइकाची मिल नोव्हेंबरात धानाच्या ऐन हंगामात बंद पडली आहे, त्याला “सरासरी आठ दिवसांत येतो” सांगून काय उपयोग? तो पुढच्या दुकानात जातो. वाईट म्हणजे नंतरही तिकडेच जात राहतो.

सरासरीच्या वर जो आधार ठेवायचा, तो म्हणजे सेफ्टी स्टॉक. तो किती, हे चढउतारावर ठरतं. चढउतार मोजायला प्रमाण विचलन काढायचं, म्हणजे आकडे आपल्या सरासरीपासून साधारण किती भटकतात तो आकडा. एक्सेलमध्ये STDEV.S लिहिलं की मिळतो, पण एकदा हाताने करून बघा. वरच्या दहा आकड्यांतून प्रत्येकी ८ वजा करा, आलेल्याचा वर्ग करा, बेरीज ७६ येईल. तिला ९ ने भागा, ८.४४. त्याचं वर्गमूळ २.९ दिवस. या ७६ मध्ये एकट्या चौदा दिवसांच्या ऑर्डरीचे ३६ आहेत आणि बारावालीचे १६. दोन उशिरांनी दोन तृतीयांशाहून जास्त भटकणं घडवलं आहे. हे नजरेखालून जायला हवं म्हणूनच हाताने करायला सांगतो.

खपही रोज बरोबर आठ नसतो. कधी शून्य, कधी राईस मिलवाला आला की वीस. दोन-तीन महिन्यांची रोजची विक्री काढून तिचंही प्रमाण विचलन घ्या. शून्य विक्रीचे दिवस वगळू नका, ते वगळले की सरासरी खोटी फुगते आणि चढउतार खोटा कमी दिसतो. आमचा आकडा ४ नग आला.

आता दोन्ही चढउतार एकत्र करायचे. ते सरळ बेरजेने जोडले जात नाहीत, कारण खप वाढणं आणि माल उशिरा येणं दर वेळी एकदमच घडत नाही. म्हणून त्यांचे वर्ग जोडायचे. खपाच्या बाजूने: ८ दिवस गुणिले ४ चा वर्ग, १२८. लीड टाइमच्या बाजूने: रोजच्या ८ चा वर्ग गुणिले ८.४४, ५४०. बेरीज ६६८, वर्गमूळ २५.८५, म्हणजे साधारण २६ नग.

या दोन आकड्यांवर क्षणभर थांबा. १२८ आणि ५४०. भीतीचं कारण गिऱ्हाईक नाही, ट्रक आहे. माल दर वेळी बरोबर आठव्या दिवशी आला असता तर आम्हाला १९ नगांचा सेफ्टी स्टॉक पुरला असता.

किती वेळा रॅक रिकामा झालेला चालेल, हे मालकाने ठरवायचं. आम्ही १०० ऑर्डरींपैकी ९५ वेळा माल पुरावा असं धरतो. त्यासाठीचा गुणक १.६४५, एक्सेलमध्ये NORM.S.INV(0.95) लिहिलं की मिळतो. तो गुणिले २५.८५ म्हणजे ४३ नग सेफ्टी स्टॉक. ६४ अधिक ४३, रिऑर्डर पॉइंट १०७. खोक्याच्या हिशोबाने ११०. गुणक बदलून बघायला हरकत नाही. ९९ टक्क्यांसाठी २.३२६ घेतला तर सेफ्टी स्टॉक ६० होतो. वाढलेले सतरा-अठरा नग वर्षभर बसवायचे सव्वापाचशे रुपये. हमखास लागणाऱ्या नंबरला मी एवढे देतो, बाकीच्यांना नाही.

९५ चा अर्थ नीट समजून घ्या. शंभरातल्या पाच गिऱ्हाइकांना माल मिळणार नाही, असा तो अर्थ नाही. वर्षाच्या नऊ ऑर्डरींपैकी प्रत्येकीत रॅक रिकामा होण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे साधारण दोन वर्षांतून एकदा. आणि झाला तरी त्या वेळी थोडेच नग कमी पडतात. एकूण नगांच्या हिशोबाने ९९ टक्क्यांहून जास्त मागणी भागते.

पण एक कच्चा दुवाही सांगून ठेवतो. हे गुणक उशीर दोन्ही बाजूंना सारखा भटकतो असं धरतात. प्रत्यक्षात माल पाच दिवसांच्या आत येत नाही, उशीर मात्र चौदाच्या पुढेही जाऊ शकतो. शिवाय दहा ऑर्डरी म्हणजे फार मोठा अनुभव नव्हे. म्हणून शेवटी एक साधी तपासणी करायची: सर्वांत वाईट लीड टाइम गुणिले रोजचा खप. १४ × ८ म्हणजे ११२. आपला ११० त्याला जवळजवळ भिडतो, ठीक आहे. हा आकडा खूप वर गेला असता तर मी सूत्राचं ऐकलं नसतं.

याच गणिताचा उपयोग पुरवठादार निवडायलाही होतो. समजा दुसरा एक जण सरासरी दहा दिवस घेतो, पण नऊ-दहा-अकराच्या बाहेर फारसा जात नाही, विचलन एकच दिवस. त्याच्यासाठी सेफ्टी स्टॉक २५ आणि रिऑर्डर पॉइंट १०५ निघतो. दोन दिवस उशिरा देणारा असूनही ऑर्डर आधी टाकावी लागत नाही, आणि सतत पडून राहणारा आधार ४३ वरून २५ वर येतो. भावात पन्नास पैशांची घासाघीस करणारे आम्ही, पण “माल नक्की कोणत्या दिवशी” यावर घासाघीस कधी करत नाही.

सगळा माल एका एक्सेल शीटमध्ये बसतो, एका नंबरला एक ओळ. A मध्ये नंबर, B मध्ये वर्षाचा खप, C मध्ये ऑर्डरचा खर्च, D मध्ये नगाची किंमत, E मध्ये ठेवण्याचा दर (०.२० असा), F आणि G मध्ये लीड टाइमची सरासरी आणि विचलन, H मध्ये रोजच्या खपाचं विचलन. मग I मध्ये ईओक्यू आणि J मध्ये रिऑर्डर पॉइंट:

```
I2: =SQRT(2*B2*C2/(D2*E2))
J2: =B2/300*F2+NORM.S.INV(0.95)*SQRT(F2*H2^2+(B2/300)^2*G2^2)
```

६२०४ चे आकडे घातल्यावर २६८.३ आणि १०६.५ आले नाहीत तर एखादा रकाना चुकला आहे. मग सूत्र खाली ओढा. एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या नंबरांना F आणि G सारखेच ठेवता येतात, त्यामुळे प्रत्येक नंबरसाठी वेगळी लीड टाइमची यादी लागत नाही.

शीट खाली ओढली की दोन प्रकारच्या ओळी खोटं बोलायला लागतात. पहिली, हंगामी मालाची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कूलरचे पंप रांगेत उभं राहून नेतात. पावसाळ्यात त्याच पंपाकडे कुत्रं बघत नाही. वर्षाला १२०० पंप म्हणून रोजचे ४ धरले तर एप्रिलमध्ये तुम्ही उपाशी आणि ऑगस्टमध्ये गोडाऊन भरलेलं. तिथे हे सूत्र लावायचंच नाही, हंगामाआधीची एकरकमी खरेदी हा वेगळा विषय आहे. छताच्या पंख्यात लागणाऱ्या ६२०२ चा खपही उन्हाळ्यात चढतो, पण वर्षभर चालू असतो. त्याला मी मार्च ते जूनसाठी एक आणि उरलेल्या महिन्यांसाठी एक असे दोन रिऑर्डर पॉइंट ठेवतो. दुसरी खोटी ओळ वर्षाला चार-पाच नग जाणाऱ्या मालाची. तिथे रोजचा खप अपूर्णांकात येतो आणि विचलनाला काही अर्थ उरत नाही. असा महागडा नंबर एक ठेवायचा, गेला की एक मागवायचा.

गणित बरोबर असूनही माल संपला, तर बहुतेक वेळा कारण मोजणीत असतं. ११० शी तुलना करायची ती फक्त रॅकवरच्या नगांची नव्हे. रॅकवरचे, अधिक मागवलेले पण न आलेले, वजा कोणाला कबूल केलेले. एकदा माझ्या सुट्टीत नवीन मुलाने रॅकवर ९० पाहिले आणि ऑर्डर टाकली. दुसऱ्या दिवशी ७८ पाहिले आणि परत टाकली. पहिली ऑर्डर वाटेतच होती. ५४० नग आले, आणि सगळे खपेपर्यंत तीन महिने गेले.

दुसरं कारण बघण्यातलं अंतर. रिऑर्डर पॉइंट असं धरतो की स्टॉक रोज, खरं तर प्रत्येक विक्रीला बघितला जातो. तुम्ही दर शनिवारी बघत असाल, तर रविवार सोडून सहा दिवसांत ४८ नग जातात. सोमवारीच ११० च्या खाली गेलेला माल शनिवारपर्यंत सत्तरच्या घरात येतो, म्हणजे ऑर्डर जाईपर्यंत सेफ्टी स्टॉक जवळजवळ पूर्ण खर्ची पडलेला असतो. आठवड्यानेच बघायचं असेल तर लीड टाइमच्या सरासरीत ते सहा दिवसही मिळवा आणि रिऑर्डर पॉइंट नव्याने काढा. तो दीडशेच्या पुढे जाईल.

आम्ही रोज मोजत बसत नाही. माल आला की त्यातली अकरा खोकी, म्हणजे ११० नग, सुतळीने बांधून रॅकच्या मागच्या बाजूला ठेवतो. वर लाल पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला असतो, त्यावर स्केच पेनने लिहिलेलं: ६२०४, मागवायचे २७०. पुढची खोकी संपली की ज्याला सुतळी सोडावी लागेल, त्याने तो पुठ्ठा काउंटरवरच्या खिळ्याला अडकवायचा. ऑर्डर गेली की मी त्याच्या मागे तारीख टाकतो. माल लागला की शेजारी दुसरी तारीख, आणि पुठ्ठा परत सुतळीत. दहा ओळी भरल्या की पुठ्ठा माझ्याकडे येतो, मी त्यावरून F आणि G चे आकडे बदलतो आणि गठ्ठ्याला नवीन पुठ्ठा लावतो. गेल्या पुठ्ठ्यावर सर्वांत मोठा लीड टाइम ११ दिवसांचा होता. म्हणून या वेळी गठ्ठा दहा खोक्यांचा बांधला आहे.